स्लॅब भरताना शटरिंग बसायला लागलं तर आम्ही पंप का थांबवतो

स्लॅबच्या दिवशी बरेच मालक वैतागून विचारतात, की बाहेर मिक्सरची गाडी उभी आहे, माल घट्ट होत चाललाय आणि तुमचा माणूस शिट्टी मारून काम बंद पाडतोय, हे काय चाललंय? त्याचं उत्तर भर कामात नीट देता येत नाही, म्हणून हे पत्रक आधीच देतोय. निवांत वाचा.

आधी वजनाचा अंदाज घ्या. ४ मीटर बाय ५ मीटरची खोली आणि १५० मिमी जाडीचा स्लॅब धरा. सळईसकट काँक्रीट घनमीटरला साधारण २५०० किलो भरतं, म्हणजे या एका खोलीवर ३ घनमीटर माल आणि साडेसात टन वजन, आणि तेही सगळं ओलं, म्हणजे स्वतःचा भार स्वतः अजिबात पेलत नाही, जे काही आहे ते खालच्या शटरिंगवर, म्हणजे प्लेटा आणि टेकूवर. एक-एक मीटरवर टेकू लावले तर एका टेकूवर काँक्रीटचे ३७५ किलो येतात, त्यात प्लेटा, माणसं, वायब्रेटर धरून ढोबळमानाने पावणेसहाशे. हे चांगला टेकू आरामात घेतो, अडचण इथे नसतेच.

अडचण येते ती ढीग लागल्यावर. पंपाचा पाईप एकाच जागी धरून ठेवला आणि मीटरभर जागेत अर्धा मीटर उंच माल साचला, तर तिथे ३७५ च्या जागी १२५० किलो झाले, वरून माल पसरायला चार माणसं त्याच ढिगाभोवती गोळा होतात, म्हणजे खालच्या त्या एका टेकूवर हिशोबाच्या अडीचपट भार येतो आणि वरच्या कोणाला त्याचा पत्ताही नसतो. म्हणून आमचा माणूस पाईपवाल्याला सारखा "हलव, हलव" ओरडत असतो, त्याला भांडखोर समजू नका.

दुसरी गोष्ट टेकूच्या उंचीची. फूटपट्टी उभी धरून वरून दाबली की मधूनच वाकते, आणि पट्टी जितकी लांब तितकी लवकर वाकते. टेकूचंही तेच. ३ मीटरवर जो भार घेतो तोच टेकू मध्ये कुठे न बांधता ४ मीटरवर ताणला तर ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणून उंच पोर्च किंवा जिन्यावरच्या स्लॅबला आम्ही मध्ये आडवे पाईप दोन्ही दिशांनी बांधतो आणि त्याचा वेळ जास्त लागतो. टेकूच्या पिनऐवजी सळईचा तुकडा घातलेला दिसला तर आम्हाला लगेच सांगा, आमच्याच पोराने घातला असला तरी.

तिसरी गोष्ट पायाची, आणि आमच्या मते सगळ्यात दगाबाज हीच. वरचं सगळं भक्कम असतं आणि टेकू उभा असतो भरावाच्या मातीवर. समजा सुरुवातीला धरलेल्या त्याच खोलीचा एक कोपरा नवीन भरावावर आहे, सकाळी खालची जमीन कोरडी ठणठणीत होती, पण काँक्रीट भरायच्या आधी प्लेटा पाणी मारून ओल्या केल्या, सांध्यांतून पाणी गळत राहिलं आणि अर्ध्या तासात भराव मऊ झाला. मग माल पडला की त्या कोपऱ्यातले दोन-तीन टेकू हळूहळू जमिनीत रुततात. म्हणून आम्ही भरावावर टेकूखाली जाड लांब फळ्या टाकतो, नुसता विटेचा तुकडा कधीच नाही, वीट फुटते.

हे कळतं कसं? माल पडायच्या आधीच आम्ही कॉलमला आडवी लाईनदोरी बांधतो, कारण कॉलम आधी भरून घट्ट झालेले असतात, ते हलत नाहीत. प्लेटांना खालून काठ्या टांगतो आणि प्रत्येक काठीवर दोरीच्या लेव्हलला खूण करतो. मग आमचा एक माणूस स्लॅबच्या बाहेर, काठाला उभा राहून टॉर्च मारून खुणा बघत राहतो. सुरुवातीला २-३ मिमी बसणं चालतं, पाचरी आणि सांधे दाबले जातात. पण खूण दोरीखाली ५ मिमी गेली आणि पुढे सरकतच राहिली, किंवा नवीन जागेतून सिमेंटचं पाणी गळायला लागलं, किंवा लाकूड करकरलं, की शिट्टी.

शिट्टी झाली की पहिलं काम पंप बंद, दुसरं खालून माणसं बाहेर, आणि त्यात कोणी टेकू घट्ट करायला आत पळत गेला तर त्याला हाताला धरून बाहेर आणायचं. इथेच मालकांचा आणि आमचा वाद होतो, "अरे एक जॅक लाव ना पटकन". पण बघा, बसत असलेल्या जागी एक टेकू फिरवून वर रेटला की शेजारचे टेकू सैल होतात, त्यांचा भार या एकावर येतो, आणि तो सुटला तर वरचा सगळा माल त्या माणसाच्या डोक्यावर. आणि शटरिंग कोसळायला लागलं की पळायला वेळ मिळत नाही.

म्हणून आधी वरून भार कमी करतो, तोही बाजूच्या भक्कम भागावर उभं राहून, फावड्याने त्या कोपऱ्यातला माल इकडे ओढून. माल उतरल्यावर दहा मिनिटं फक्त खुणा बघायच्या. सरकणं थांबलं असेल तरच, आणि तेही भक्कम बाजूने आत येत, जादा टेकू फळीवर उभे करायचे, बसलेली जागा जोरात वर उचलायची नाही. आणि काँक्रीट घट्ट व्हायला लागलं असेल तर मग उचलायचंच नाही, कारण अर्धवट घट्ट स्लॅबला खालून रेटा दिला की तो तडकतो. सरकणं थांबलंच नाही तर तो कोपरा सोडून द्यायचा, माणूस आत पाठवायचा नाही, माल गेला तर जाऊ दे.

भरण्याचा क्रमही याच्यासाठीच ठरवलेला असतो. आधी बीम थरांनी, मग स्लॅब, आणि एका बाजूला सगळा माल न टाकता दोन्हीकडे सारखा. बाहेर आलेल्या बाल्कनीच्या टोकावर आधी माल टाकला तर टोक दबतं आणि आतली बाजू उचलली जाते, म्हणून आतून बाहेर. मध्येच कायमचं थांबावं लागलं तर जिथे हात थांबला तिथे उतरता सोडून देत नाही, फळी लावून उभा कट देतो, शक्यतो दोन बीमच्या मधल्या भागात, बीमला चिकटून नाही.

तुमच्याकडून दोनच गोष्टी हव्यात. स्लॅब चालू असताना खाली कोणी जेवायला, सावलीला किंवा सामान काढायला जाऊ नये, वॉचमनची पोरं तर अजिबात नाही, आणि खालच्या खोलीत सिमेंटच्या गोण्या रचून ठेवू नका, कोणीतरी त्या आणायला जातोच.

प्लेटा काढल्यावर, प्लास्टर करायच्या आधी, आमच्याकडून खालची लेव्हल मोजून घ्या. वरची बाजू आपण सपाट ओढतो, त्यामुळे जिथे शटरिंग १५ मिमी बसलं तिथे स्लॅब तेवढाच जाड झालेला असतो, म्हणजे चौरस मीटरला ३७ किलो जास्त, आणि सळईही कुठे कुठे खाली गेलेली असू शकते. ते मापाचं कागद इंजिनिअरला दाखवा, चालेल की नाही ते तो सांगेल, आम्ही नाही आणि प्लास्टरवालाही नाही.