ताळेबंदाची ताकद : कर्ज-भांडवल गुणोत्तर व व्याज व्याप्ती गुणोत्तर

कंपनीवरील कर्जाचा भार तिला कितपत पेलवतो, हे जोखण्यासाठी वापरली जाणारी दोन गुणोत्तरे. कर्ज-भांडवल गुणोत्तर (डेट-इक्विटी रेशो) ताळेबंदातून निघते : एकूण कर्जाला भागधारकांच्या निधीने, म्हणजे भागभांडवल आणि राखीव निधी यांच्या बेरजेने भागतात. व्याज व्याप्ती गुणोत्तर (इंटरेस्ट कव्हरेज रेशो) नफा-तोटा पत्रकातून निघते : व्याज व कर वजा करण्यापूर्वीच्या नफ्याला वर्षभराच्या व्याजखर्चाने भागतात. पहिले गुणोत्तर वर्षअखेरच्या एका दिवसाचे चित्र दाखवते, तर दुसरे पूर्ण वर्षाच्या कमाईचे. म्हणूनच ही दोन्ही शेजारी ठेवून वाचावी लागतात. भागाकार सोपा आहे. चूक होते ती अंशात आणि छेदात काय धरायचे यात.

एक काल्पनिक कारखाना घेऊ. त्याचे भागभांडवल २० कोटी आणि राखीव निधी १८० कोटी, म्हणजे भागधारकांचा निधी २०० कोटी आहे. ‘दीर्घ मुदतीची कर्जे’ या ओळीत १५० कोटी दिसतात. घाईने पाहणारा १५० भागिले २०० करून ०.७५ हा आकडा काढतो आणि निश्चिंत होतो. परंतु चालू देण्यांमध्ये खेळत्या भांडवलासाठी घेतलेले ६० कोटींचे अल्प मुदतीचे कर्ज आहे आणि दीर्घ मुदतीच्या कर्जाचे येत्या वर्षात फेडायचे ३० कोटींचे हप्तेही तिथेच नोंदवलेले आहेत. हे दोन्ही धरल्यास कर्ज २४० कोटी आणि गुणोत्तर १.२ होते. भाडेपट्ट्यांची देणी असतील तर तीही पाहावीत. आयएफआरएस १६ हे आंतरराष्ट्रीय लेखामानक २०१९ पासून लागू झाल्यावर ते पाळणाऱ्या कंपन्यांत बहुतेक भाडेपट्टे ताळेबंदावर आले, त्यामुळे त्याआधीच्या वर्षांशी तुलना करताना दोन्हीकडे एकच व्याख्या ठेवणे आवश्यक असते.

आता व्याजाकडे वळू. या कारखान्याचा व्याज-करपूर्व नफा ७२ कोटी आणि पत्रकातील व्याजखर्च २४ कोटी आहे; व्याप्ती ३ पट दिसते. नफ्याची फोड केल्यावर कळते की त्यातील १२ कोटी एक जमीन विकून आले आहेत. ती जमीन पुढच्या वर्षी पुन्हा विकता येणार नाही, म्हणून ते वगळले की नफा ६० कोटी आणि व्याप्ती २.५ पट उरते. व्याजाचा आकडाही तपासावा लागतो. कर्ज वर्षभर २४० कोटींच्या आसपास होते, म्हणजे २४ कोटी हा सुमारे १० टक्के दर झाला. टिपांमध्ये मात्र सगळ्या कर्जांचे दर १२.५ टक्क्यांच्या जवळपास दिले आहेत. हा फरक सहज सोडून देण्यासारखा नाही. बांधकाम चालू असलेल्या नव्या विभागासाठी घेतलेल्या कर्जावरील ६ कोटींचे व्याज खर्चात न टाकता मालमत्तेच्या किमतीत मिळवलेले असते. लेखामानकांनुसार ते योग्यच आहे, पण सावकाराला ते पैसे द्यावेच लागतात. ते धरल्यास व्याज ३० कोटी आणि व्याप्ती नेमकी २ पट होते. जेथे पत्रकातील व्याजावरून निघणारा दर टिपांतील दरापेक्षा बराच कमी येतो, तेथे एक तर व्याजाचे असे भांडवलीकरण झालेले असते किंवा वर्षअखेरीस थोडे दिवस जादा कर्ज घेतलेले असते. रोख प्रवाह पत्रकातील ‘दिलेले व्याज’ ही ओळ पाहिली की बहुधा उलगडा होतो.

मागणी घटून हा ६० कोटींचा नफा एकतृतीयांशाने कमी झाला, तर व्याप्ती १.३३ वर येते, आणि कर्ज-भांडवल गुणोत्तर मात्र जवळजवळ जागचे हलत नाही. संकटाची चाहूल म्हणूनच बहुधा व्याप्तीत आधी लागते. त्यानंतर न खपलेला माल आणि बुडीत येणी मिळून ८० कोटी निर्लेखित करावे लागले, तर करपरिणाम बाजूला ठेवता भागधारकांचा निधी १२० कोटी उरतो आणि नवे कर्ज अजिबात न घेता गुणोत्तर १.२ वरून २ होते. व्याप्ती २ पट असली तरी ती मुद्दलाबद्दल काहीच सांगत नाही. वर उल्लेखलेले ३० कोटींचे हप्ते व्याजाखेरीज भरायचे असतात, आणि त्यासाठी कर्जफेडीची रोख क्षमता वेगळी मोजावी लागते.

किती गुणोत्तर चांगले, याला सर्वत्र लागू पडेल असा एक आकडा नाही. दीर्घ मुदतीच्या विक्रीकरारांवर चालणाऱ्या वीजप्रकल्पाला पेलवणारे कर्ज, ज्याच्या मालाचे भाव दर काही वर्षांनी कोसळतात अशा पोलादउद्योगाला बुडवू शकते. तेथे चांगल्या वर्षाची व्याप्ती न पाहता मागील मंदीच्या वर्षातील पाहावी. समभागांची पुनर्खरेदी करणाऱ्या कंपनीचा निधी इतका घटू शकतो की तो ऋण होतो, आणि मग कर्ज-भांडवल गुणोत्तराला अर्थच उरत नाही. अशा वेळी निवाडा व्याप्ती आणि रोख प्रवाह यांवरच करावा लागतो. बँकांना मात्र दोन्ही गुणोत्तरे गैरलागू आहेत, कारण ठेवी हा त्यांच्या धंद्याचा कच्चा माल आणि व्याज हा त्या मालाचा खर्च असतो. त्यांच्यासाठी भांडवल पर्याप्तता, म्हणजे जोखमीच्या मानाने भांडवल पुरेसे आहे का, हे पाहतात.