एका पानासाठी १०१ क्वेरीज: एन प्लस वन आला कुठून

यादीसाठी एक क्वेरी आणि यादीतल्या प्रत्येक गोष्टीसाठी आणखी एक, असा हा एन प्लस वन प्रॉब्लेम पहिल्यांदा बघितला तेव्हा मला वाटलेलं की कोणीतरी वाईट कोड लिहिलाय, पण कोड उघडला तर एकदम साधा आणि वाचायला छान होता.

```ruby
Post.limit(50).each do |p|
  puts p.author.name
  puts p.comments.to_a.size
end
```

पहिली क्वेरी ५० पोस्ट आणते. मग लूपमध्ये प्रत्येक पोस्टसाठी लेखकाची एक आणि कमेंट्सची एक, म्हणजे १ + ५० + ५० = १०१ (एकच लेखक परत आला तर रेल्सचा क्वेरी कॅश थोड्या वाचवतो). डेटाबेसला यातलं काही कळत नाही, त्याच्या दृष्टीने १०१ वेगवेगळी माणसं वेगवेगळं काहीतरी विचारतायत आणि तो प्रत्येकाला झटपट उत्तर देतोय, कारण लूप तर ॲप्लिकेशनच्या पोटात आहे, तो एसक्यूएलपर्यंत पोचतच नाही.

आणि हे रेल्सपेक्षा जुनं आहे. रिलेशनल मॉडेल १९७० साली कॉडनी मांडलं ते मुळातच संचांवर चालणारं, म्हणजे हे सगळे दे, एकदम दे. ऑब्जेक्टची सवय उलटी, एकाकडून दुसऱ्याकडे टिंब टाकत जायचं. या दोन सवयी पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर भिडल्या त्या ९०च्या दशकाच्या शेवटी, जावातल्या एंटिटी बीन्समध्ये, म्हणजे टेबलातली एकेक ओळ ऑब्जेक्ट म्हणून दाखवणाऱ्या बीन्समध्ये. तिथे डेटाबेसचा कोड स्वतः लिहायच्या प्रकारात फाइंडर मेथड फक्त प्रायमरी की परत द्यायची, आणि प्रत्येक बीन वापरायला घेतलं की कंटेनर त्याच्यासाठी ejbLoad बोलवायचा, आणि ते त्या एका ओळीसाठी वेगळी क्वेरी मारायचं. म्हणजे एन प्लस वन ही प्रोग्रामरची चूक नव्हतीच, रचनेतच बसवलेलं होतं! त्या वैतागातूनच लोक २००१ मध्ये आलेल्या हायबरनेट या जावाच्याच लायब्ररीकडे वळले, पण लेझी लोडिंग, म्हणजे जोडलेलं रेकॉर्ड लागेल तेव्हाच आणायचं, तिथेही होतंच, कारण ते नसेल तर एक रेकॉर्ड मागितलं की अर्धा डेटाबेस मागे मागे येणार.

मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते ती रेल्सची गोष्ट. २००४ मध्ये रेल्स आलं आणि p.author इतकं सोपं झालं की त्यामागे क्वेरी आहे हेच विसरायला झालं. उपाय म्हणून :include होतं, आणि ते सुरुवातीला सगळं एकाच लेफ्ट आउटर जॉइनमध्ये आणायचं. ऐकायला बरोबर वाटतं ना, १०१ ची एक क्वेरी झाली. आता हिशोब करू. ५० पोस्ट, प्रत्येकीला २० कमेंट्स आणि ५ टॅग. जॉइनमध्ये प्रत्येक कमेंट प्रत्येक टॅगशी जोडली जाते, म्हणून ५० × २० × ५ = ५००० ओळी येतात, प्रत्येक ओळीत पोस्टचा अख्खा मजकूर पुन्हा, आणि मग रुबीने बसून त्यातले डुप्लिकेट काढायचे. म्हणून २००८ मध्ये २.१ आवृत्तीत पद्धत बदलली: पोस्टची एक क्वेरी, मग त्यांचे आयडी गोळा करून

```sql
SELECT * FROM comments WHERE post_id IN (1, 2, 3)
```

अशी कमेंट्सची एक आणि तशीच टॅगची (टॅग जोडणारं टेबल मध्ये असेल तर अजून एक). ओळी ५० + १००० + २५० = १३००. क्वेरीज वाढल्या आणि काम कमी झालं. म्हणजे खरा मुद्दा क्वेरी एकच हवी असा नाहीच, क्वेरीजची संख्या पोस्टच्या संख्येबरोबर वाढू नये एवढाच आहे. पायथनमधलं जँगोसुद्धा याच वाटेवर आलं, select_related हे जॉइनवालं आधीपासून होतं आणि prefetch_related २०१२ मध्ये १.४ सोबत आलं.

मग हे इतकी वर्षं टिकलं कसं? कारण लॅपटॉपवर दिसत नाही. माझ्या एका प्रोजेक्टमध्ये हेच झालं, टेस्ट डेटात ५ पोस्ट होत्या आणि डेटाबेस त्याच मशीनवर. डेटाबेसपर्यंतच्या एका फेरीला ०.१ मिलिसेकंद धरलं तर अगदी १०१ क्वेरीज असत्या तरी १० मिलिसेकंद, कोण लक्ष देणार. डेटाबेस दुसऱ्या मशीनवर गेला आणि फेरी १ मिलिसेकंदाची झाली की तेच १०१ मिलिसेकंद, आणि यादी ५०० पोस्टची झाली की १००१ क्वेरीज, म्हणजे नुसत्या ये-जा करण्यातच एक सेकंद. स्लो क्वेरी लॉगमध्ये यातलं काही सापडत नाही, मायएसक्यूएलची मूळ मर्यादाच १० सेकंदांची आहे, आणि ती बरीच खाली आणली तरी इथे एकही क्वेरी स्लो नाहीये. ओळखायचं ते ॲप्लिकेशनच्या लॉगमधून, तीच क्वेरी खाली खाली येत राहते आणि फक्त आयडी बदलतो.

एसक्यूलाइटवाले तर उघड सांगतात की त्यांच्याकडे एका पानाला २०० क्वेरीज चालतात, आणि ते खरंय, कारण तिथे डेटाबेस ॲप्लिकेशनच्याच प्रोसेसमध्ये असतो, नेटवर्कची फेरीच नाही. त्रास क्वेरी छोटी असण्याचा नाही, अंतराचा आहे.

रेल्समध्ये पहारा बसवायचे प्रयत्न नंतर झाले, २००९ मध्ये बुलेट नावाचं जेम आलं ते डेव्हलपमेंटमध्येच ओरडून सांगतं, आणि २०२० च्या डिसेंबरात ६.१ मध्ये strict_loading आलं, ते लावलं की लेझी लोड झाल्यावर थेट एरर येतो. मात्र ते आपणहून लावावं लागतं, नव्या ॲपमध्ये p.author लिहिलं की आजही गुपचूप एक क्वेरी जाते.