मेगर २०० किलोओहम दाखवतो तेव्हा: मरे लूप की टीडीआर?

पावसाळ्यात दादरच्या एखाद्या रस्त्याखालचा ११ केव्ही फीडर ट्रिप झाला, असं धरू. केबल ६४० मीटर, तीन कोअर, ३०० चौरस मिमी ॲल्युमिनियम, एक्सएलपीई. केबल दोन्ही टोकांना सोडवून, डिस्चार्ज करून इन्सुलेशनचा रोध मोजणारा मेगर लावला: वाय आणि बी फेज ठणठणीत, आर फेज अर्थला २०० किलोओहम. जॉइंटमध्ये पाणी शिरलं की असं वाचन मिळू शकतं. खणायचं कुठे?

टीडीआर आणि मरे लूप दोन्ही फॉल्टपर्यंतचं अंतरच सांगतात, म्हणून त्यांची गल्लत होते. पण टीडीआर केबलमध्ये सोडलेला पल्स परतायला लागणारा वेळ मोजतो आणि मरे लूप ब्रिजवर रोधांचं गुणोत्तर.

टीडीआर आधी चांगल्या कोअरवर लावा. टोकावरून परतलेला पल्स ७.८ मायक्रोसेकंदांनी दिसला, तर वेग सुमारे १६४ मीटर प्रति मायक्रोसेकंद. आता आर फेज. ग्राफ हुबेहूब तसाच! केबलचा स्वतःचा इंपिडन्स साधारण ३० ओहम. त्याच्यापुढे २०० किलोओहमची गळती पल्सला जाणवतच नाही, परतणारा भाग दहा हजारात एकाहूनही कमी. फॉल्ट १०० ओहमचा असता तर १३ टक्के पल्स उलटा, खाली वळून परतला असता. तेव्हा सरळ ग्राफ दिसला म्हणून केबलला चांगलं म्हणू नका.

इथे मरे लूप कामाला येतो. पलीकडच्या टोकाला आर आणि वाय जाड लिंकने जोडा, अलीकडे ब्रिज लावा. फॉल्टचा रोध बॅटरीच्या वाटेत येतो, त्यामुळे बॅलन्स बिघडत नाही, फक्त करंट घटतो. साध्या बॅटरीवर काटा जेमतेम हलेल; काही किलोव्होल्टचा हाय व्होल्टेज ब्रिज हवा. Q ही ब्रिजची खराब कोअरकडची भुजा, P चांगल्या कोअरकडची, L केबलची लांबी. बॅलन्सला Q / (P + Q) ०.३२२ आलं, तर फॉल्टचं अंतर x:

```
x = 2L × Q / (P + Q)
x = 1280 × 0.322 ≈ 412 m
```

खरी मेख लिंकमध्ये आहे. या कोअरचा रोध मीटरला जेमतेम ०.१ मिलीओहम. म्हणजे लिंकच्या लगवर एक मिलीओहम राहिला, तर लूप दहा मीटरने लांबल्यासारखा वाटतो आणि ४१२ च्या जागी ४०९ येतात. मुंबईच्या फुटपाथवर तीन मीटर म्हणजे आणखी एक खड्डा. म्हणून लग घासून घ्या, बोल्ट कसून आवळा आणि लिंक अलीकडे आणून दुसऱ्या टोकाकडूनही मोजा. दोन्ही अंतरांची बेरीज ६४० यायला हवी. ६३५ आली तर लिंक पुन्हा घासा. मधे जुन्या, वेगळ्या साइजच्या केबलचा तुकडा असेल, तर त्याची लांबी रोधाच्या हिशेबात बदलून घ्यावी लागते.

आलेलं अंतर केबलच्या लांबीवरचं आहे, रस्त्यावरचं नव्हे. जॉइंटपाशी सोडलेली वेटोळी त्यात मोजली जातात. म्हणून खणण्याआधी सर्ज जनरेटरने ठोके देऊन जमिनीवरच्या मायक्रोफोनने नेमकी जागा ऐका.

कोअर तुटून मोकळी झाली असेल, तर मात्र लूपच पुरा होत नाही. तिथे टीडीआरच लावा. तुटल्या जागेवरून पल्स वर उठून परततो. आणि तिन्ही कोअर खराब निघाल्या, तर मरेला परतीची वाट म्हणून शेजारची चांगली केबल बंद करून घ्यावी लागेल.