मुलाखतीची वेळ ड्यूटीत आली, तर आम्हाला काय कळवायचं

नव्या नोकरीसाठी आमच्याकडे नाव नोंदवलेल्या, सध्या कुठे ना कुठे नोकरीला असलेल्या सर्वांसाठी

कंपनीकडून मुलाखतीच्या दोन वेळा आल्या की आम्ही त्या लगेच तुमच्या व्हॉट्सॲपवर टाकतो. दहापैकी सात-आठ जणांचं उत्तर ठरलेलं असतं: "सर, ड्यूटी आहे, दुसरी वेळ मिळेल का?" मिळते. वेळ बदलून मागितली म्हणून एचआरवाले नाराज होतील या भीतीने काही जण गप्प राहतात, आणि काही "येतो" म्हणून येतच नाहीत. चालू नोकरीतला माणूस ड्यूटी सोडून पळत येत नाही, हे कंपनीला चांगलं वाटतं. तो उद्या त्यांच्याकडेही तसाच वागणार असतो. अडचण वेळ मागण्यात नाही, ती कशी मागितली यात आहे.

"दुसरी वेळ द्या" किंवा "संध्याकाळी कधीही चालेल" एवढंच उत्तर आलं, तर आम्ही कंपनीला काय सांगायचं? मुलाखत एकटी एचआर मॅडम घेत नाही. प्रॉडक्शन किंवा क्वालिटीचे साहेब सोबत बसतात आणि खरी अडचण त्यांच्या वेळेची असते. सकाळची मीटिंग आटोपून साहेब साडेदहाच्या सुमारास मोकळे होतात, दुपारनंतर तीन ते पाचमध्ये सापडतात. महिनाअखेरीला डिस्पॅचच्या गडबडीत तर तेही नाही. मॅडम आम्हाला विचारतात, आम्ही तुम्हाला. तुमचा मोबाईल गेटवर जमा असतो, म्हणून उत्तर शिफ्ट सुटल्यावर येतं. तोवर साहेबांचा तो तास दुसऱ्या कुणाला गेलेला असतो. एका मुलाखतीसाठी असे दोन-तीन दिवस जातात.

म्हणून आमचा एक नियम आहे. तुमच्याकडून तारीख-वारासह तीन वेगवेगळ्या वेळा लेखी आल्याशिवाय आम्ही कंपनीला फोन करत नाही. काहींना हा हट्ट वाटतो. पण मॅडमला आम्ही एकदाच फोन करतो आणि त्या तीनमधून एक वेळ पक्की करूनच ठेवतो. म्हणूनच त्या आमचा फोन उचलतात आणि पुढच्या उमेदवारालाही वेळ देतात.

या तीन वेळा लिहिताना सगळ्यात जास्त चूक होते ती शिफ्टच्या पाळीची. तुम्ही या आठवड्याची शिफ्ट डोक्यात धरून वेळ देता आणि मुलाखत पडते पुढच्या आठवड्यात, पाळी बदलल्यावर. खरा प्रकार सांगतो, नाव सोडून. वाळूजला एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर असलेल्या मुलाला शेंद्र्याच्या कंपनीने शुक्रवारी, 10 तारखेला, वेळा पाठवल्या: मंगळवार 14 ला सकाळी अकरा किंवा बुधवार 15 ला दुपारी अडीच. त्याने कळवलं, "सकाळी कधीही चालेल." त्या दिवशी तो सेकंड शिफ्टला होता, सकाळ मोकळीच होती. पण सोमवार 13 पासून त्याची फर्स्ट लागत होती, सात ते साडेतीन. म्हणजे मंगळवारी अकरा वाजता तो मशीनवर असणार. आमच्या ताईंनी शिफ्ट चार्टचा फोटो मागवला तेव्हा हे लक्षात आलं.

मग आम्ही त्याला समोर बसवून हिशेब केला. फर्स्ट सुटते साडेतीनला. हातपाय धुऊन, बस पकडून नगर नाका, क्रांती चौक, जालना रोडने केंब्रिज चौकापलीकडे शेंद्र्याला पोहोचेपर्यंत साडेपाच होणार आणि तोवर ऑफिस उठायला लागलेलं असणार. त्यामुळे 13 च्या आठवड्यात प्रत्यक्ष जाणं बादच. मात्र व्हिडिओवर पहिली फेरी होऊ शकत होती, खोलीवर पोहोचून, साडेचार ते साडेपाचमध्ये. पुढच्या आठवड्यात, 20 पासून, त्याची पुन्हा सेकंड. तेव्हा सकाळी दहाला शेंद्र्यात हजर राहता येत होतं. फक्त साडेतीनच्या पंचिंगसाठी साडेबारापर्यंत तिथून निघणं भाग होतं. मग त्याने आम्हाला असं लिहून दिलं:

"मंगळवार 14 सकाळी 11 आणि बुधवार 15 दुपारी 2:30 या वेळा ड्यूटीमुळे जमणार नाहीत. मी या वेळांना येऊ शकतो: (1) मंगळवार 14, दुपारी 4:30 ते 5:30, व्हिडिओवर. (2) मंगळवार 21, सकाळी 10 पासून, प्रत्यक्ष. (3) बुधवार 22, सकाळी 10 पासून, प्रत्यक्ष. 21 आणि 22 ला दुपारी 12:30 ला मला निघावं लागेल."

मॅडमने 21 तारीख पक्की केली. साहेब साडेदहाला आले, बाराला सगळं उरकलं. "12:30 ला निघावं लागेल" हे वाक्य आम्ही मुद्दाम घालायला लावतो. ते आधी कळलं की लेखी चाचणी आणि शॉपफ्लोअर दाखवणं त्या वेळेत बसवता येतं. ऐनवेळी घड्याळाकडे बघत उठणारा माणूस कुणालाच आवडत नाही.

आणखी एक, सेकंड शिफ्टवाल्यांसाठी. तुम्ही रात्री बाराला सुटता आणि साडेबाराला खोलीवरून मेसेज टाकता: "उद्या अकरा वाजता चालेल." तारीख तर बदललेली असते. तुमच्या मनातला "उद्या" म्हणजे झोपून उठल्यावरचा दिवस, आम्ही सकाळी वाचतो तेव्हा तो त्याच्या पुढचा दिवस होतो. यावरून एकदा तीन माणसांचं पॅनल तासभर वाट बघत बसलं होतं. म्हणून "आज", "उद्या", "परवा" लिहूच नका. तारीख आणि वार दोन्ही लिहा, आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ यापैकी एक शब्द.

कारण लांबवू नका. "ड्यूटीमुळे" एवढं पुरे. आजीचं आजारपण, गावाकडची पूजा असलं काही सांगितलं की मुलाखतीत त्यावर प्रश्न येतो आणि माणूस बावरतो. व्हिडिओची वेळ देताना कंपनीची कँटीन किंवा बस धरू नका, मागे सहकारी दिसतात आणि बातमी दुसऱ्या दिवशी तुमच्या सुपरवायझरकडे पोहोचते.

काही मुलाखतींच्या वेळा बदलत नाहीत, हेही आधीच सांगतो. वॉक-इन असेल, लेखी परीक्षा एकाच दिवशी सगळ्यांची असेल किंवा बाहेरगावाहून साहेब एका दिवसासाठी येणार असतील, तर तिथे रजा टाकणं किंवा ती संधी सोडणं एवढेच मार्ग उरतात. तसं असेल तेव्हा आम्ही मेसेजमध्येच "वेळ ठाम" असं लिहितो. आणि एकदा बदलून मिळालेली वेळ पुन्हा बदलून मागायला आम्हाला लावू नका.

तुम्ही मराठीत लिहून दिलेल्या तीन वेळांचा कंपनीसाठी इंग्रजी मेल आम्ही करतो. त्याचे किंवा नोंदणीचे तुमच्याकडून पैसे घेत नाही, आमचं शुल्क कंपनी देते. नोंदणी करतानाच महिन्याचा शिफ्ट चार्ट दिलात तर अडचणीची वेळ तुमच्यापर्यंत येण्याआधीच आम्ही बदलून मागतो. ऑफिस सकाळी नऊला उघडतं, सेकंडवाल्यांनी ड्यूटीआधी यावं. फर्स्ट आणि जनरलवाल्यांसाठी रात्री आठपर्यंत कुणीतरी असतंच.