रिक्रूटरला "आत्ता नको" कळवायची पद्धत आली कुठून

१९९७ मध्ये नोकरी डॉट कॉम आलं आणि त्यानंतर बरीच वर्षं आपल्याकडे कोल्ड मेसेज म्हणजे सरळ फोनच असायचा. रेझ्युमे टाकला की कन्सल्टन्सीवाले डेटाबेसमधून नंबर काढून कॉल करायचे, तोही नेमका मीटिंगमध्ये असताना. "सध्या नाही बघत" म्हटलं की विषय संपला, लेखी काही उरायचंच नाही.

लिंक्डइन २००३ मध्ये सुरू झालं आणि तिथे इनमेल आला, म्हणजे ओळख नसलेल्या माणसाला लिहायचं तर क्रेडिट खर्च करायचं. आधी नियम असा होता की सात दिवसांत उत्तर नाही आलं तर क्रेडिट परत, मग काय, रिक्रूटर दिसेल त्याला मेसेज टाकायचे, कारण तुम्ही गप्प बसलात तरी त्यांचं काही जात नव्हतं. जानेवारी २०१५ पासून नियम बरोब्बर उलटा झाला, ९० दिवसांत उत्तर आलं तरच क्रेडिट परत, आणि गंमत म्हणजे ते उत्तर "नको" असलं तरी चालतं. म्हणजे तुमच्या दोन ओळींच्या नकाराने समोरच्याचं क्रेडिट वाचतं, गप्प बसलात तर ते बुडतं. (साध्या कनेक्शन रिक्वेस्टसोबतच्या नोटला हे लागू नाही.)

आता समजा तुम्ही पुण्यात सहा वर्षं जावा बॅकएंड करताय आणि मेसेज आलाय नाइट शिफ्टच्या प्रॉडक्शन सपोर्टचा. नुसतं "नॉट इंटरेस्टेड" लिहिलं तर नक्की काय नको, कंपनी की रोल की जॉब बदलणंच, हे त्यांना कळत नाही. भिडेखातर "जेडी पाठवा" म्हटलंत तर पुढचे तीन दिवस फोन घ्यायची तयारी ठेवा. त्यापेक्षा असं काहीतरी:

"हाय, मेसेजबद्दल थँक्स. सपोर्ट रोल मी बघत नाहीये आणि मार्चपर्यंत इथून हलणार नाही. त्यानंतर बॅकएंड डेव्हलपमेंटचं, पुण्यात किंवा रिमोट काही असेल तर नक्की कळवा. नोटिस ९० दिवसांची आहे."

यात काय नको, काय हवं आणि कधी हवं, तिन्ही आलं. नोटिस पिरियड मी मुद्दाम आधीच सांगते, कारण आपल्याकडे बऱ्याच गोष्टी तिथेच अडतात. पगाराचा आकडा मात्र विचारला तरी या टप्प्यावर देऊ नये, बघत नसलेल्या जॉबसाठी कशाला सांगायचा.

आणि एक, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कंपनीच्या रिक्रूटर लायसन्सवरून आलेला मेसेज त्या व्यक्तीच्या पर्सनल इनबॉक्समध्ये नसतो, वेगळ्या इनबॉक्समध्ये असतो, आणि लायसन्स कंपनीचं. ती व्यक्ती कंपनी बदलून गेली (आणि रिक्रूटर आपल्यापेक्षा जास्त वेळा बदलतात) की तुमचं ते गोड उत्तर मागेच राहतं. म्हणून रिप्लाय दिला की लगेच कनेक्शन रिक्वेस्टही पाठवून ठेवायची.