आयुर्विमा: प्रपोजल फॉर्म भरताना काय सांगायचं आणि दावा कुठे अडतो

विमा कुणाचा काढता येतो, हे आधी पाहूया. ज्याच्या जाण्याने तुमचं आर्थिक नुकसान होईल, त्याच्याच आयुष्यावर तुम्ही पॉलिसी घेऊ शकता. याला विमायोग्य हितसंबंध म्हणतात. स्वतःचा आणि जोडीदाराचा विमा काढताना हा संबंध वेगळा सिद्ध करावा लागत नाही. कोल्हापूरच्या मार्केट यार्डातल्या गूळ अडत्याने भागीदाराचा विमा काढायचा म्हटलं, तर भागीदारीचा करार दाखवावा लागतो, आणि कर्जदाराचा विमा कर्जाच्या रकमेपुरताच काढता येतो. शेजाऱ्याच्या नावाने काढलेली पॉलिसी मुळातच रद्दबातल.

कागदपत्रं नेहमीचीच: आधार, पॅन, फोटो, वयाचा दाखला, उत्पन्नाचे पुरावे, शिवाय चालू आणि बंद पडलेल्या सगळ्या पॉलिसींची यादी. ही यादी बरेचजण हलक्यात घेतात. आधीची पॉलिसी लपवल्यावरून नाकारलेला दावा २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही योग्यच ठरवला होता.

खरी अडचण आरोग्याच्या प्रश्नांपाशी येते. तुमच्या तब्येतीची माहिती फक्त तुमच्याकडे असते आणि कंपनी तुमच्या शब्दावर हप्ता ठरवते, म्हणून कायदा इथे परम सद्भाव, म्हणजे काहीही न लपवता खरं सांगणं, मागतो. समजा, शिरोली एमआयडीसीतला ४२ वर्षांचा कामगार दोन वर्षं बीपीची गोळी घेतोय. एजंट म्हणतो, "दादा, बीपी सगळ्यांनाच असतोय, 'नाही' लिहूया." पन्नास लाखांची पॉलिसी निघते, वर्षाला १४ हजार हप्ता. विसाव्या महिन्यात तो हृदयविकाराने जातो. कंपनीचा तपासनीस दवाखान्याचा केसपेपर आणि मेडिकलची बिलं काढतो, आणि दावा फेटाळला जातो.

विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार पहिल्या तीन वर्षांत कंपनी असा आक्षेप घेऊ शकते. फसवणुकीचा आरोप नसेल, तर भरलेले २८ हजार ९० दिवसांत परत द्यावे लागतात. पण बीपी कळला असता तर पॉलिसी दिलीच नसती, हे सिद्ध करणं कंपनीवर आहे. थोडा जास्त हप्ता लावून दिली असती, असं दिसलं तर पत्नीची बाजू भक्कम होते. तीन वर्षं उलटल्यावर मात्र पॉलिसीवर कुठलाच आक्षेप चालत नाही. फक्त बंद पडलेली पॉलिसी पुन्हा सुरू केली, की ही मुदत नव्याने मोजतात. तेव्हा दिलेलं आरोग्याचं घोषणापत्रही तितकंच जपून भरा.

पॉलिसी हातात आली की सोबतची फॉर्मची प्रत वाचा. चूक दिसली तर कंपनीला लगेच लेखी कळवा. पटलं नाही तर ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते.

दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुढच्या एका वर्षात विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. कोल्हापूर त्यांच्याच हद्दीत येतं, फी लागत नाही, आणि पन्नास लाखांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात. नाकारल्याचं पत्र आणि फॉर्मची प्रत अर्जासोबत जोडा.