पर्यटक मार्गदर्शक परवाना आणि ट्रेक लीडरची सुरक्षा-प्रमाणपत्रे (सातारा जिल्हा)

पैसे घेऊन पर्यटकांना गड किंवा जंगल दाखवण्यासाठी लागणारी कागदपत्रे. मार्गदर्शकाचा परवाना, ट्रेक लीडरचे प्रशिक्षण, आयोजकाची नोंदणी आणि वनखात्याचा प्रवेश-परवाना या चार वेगवेगळ्या गोष्टी असून त्यांतली एक दुसरीची जागा घेऊ शकत नाही. व्यवहारात मात्र गळ्यात ओळखपत्र दिसले की सगळेच आहे असे धरले जाते.

मार्गदर्शकाचा परवाना हा माहिती सांगण्याचा परवाना आहे. केंद्रीय संरक्षित स्मारकात मोबदला घेऊन पाहुण्यांना फिरवायचे असेल, तर १९५९ च्या प्राचीन स्मारक नियमांनुसार पुरातत्त्व अधिकाऱ्याचा परवाना लागतो. प्रतापगड मात्र राज्य पुरातत्त्व संचालनालयाच्या संरक्षणाखाली आहे, त्यामुळे केंद्राचा हा नियम तिथे परस्पर लागू होत नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाचा ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रम वेगळा आहे. यांतल्या कोणत्याही कागदावरून त्या माणसाला कड्यावर दोर लावता येतो असे सिद्ध होत नाही.

दोराचे काम शिकवतात उत्तरकाशी, दार्जिलिंग, मनाली इथल्या गिर्यारोहण संस्था. त्यांचा प्राथमिक अभ्यासक्रम सुमारे चार आठवड्यांचा असतो आणि पुढच्या अभ्यासक्रमाला जायचे तर त्यात ‘अ’ श्रेणी लागते. शिक्षणाचा मोठा भाग बर्फ आणि उंचीशी निगडित असतो. सह्याद्रीतला धोका वेगळा: ठिसूळ कातळ, घसाऱ्याची वाट, उन्हाचा तडाखा आणि आग्या मोहोळ. म्हणून ‘बेसिक’ झालेल्या लीडरलाही या डोंगरांचा सराव आणि प्रथमोपचाराचे वेगळे प्रमाणपत्र हवे. प्रथमोपचाराच्या प्रमाणपत्राला मुदत असते, ती उलटली की सराव पुन्हा करावा लागतो. मिनिटाला १०० ते १२० या गतीने छाती दाबणे हे वाचून येत नाही, पुतळ्यावर हात बसवावा लागतो.

आयोजकाची नोंदणी राज्याच्या साहसी पर्यटन धोरणाखाली (ऑगस्ट २०२१) पर्यटन संचालनालयाकडे होते. आधी तात्पुरती, मग पूर्ततेनंतर अंतिम. ही नोंदणी संस्थेची असते. तिच्या नावाने गट घेऊन निघालेला माणूस प्रशिक्षित आहे का, हे ग्राहकाने स्वतंत्रपणे विचारायला हवे.

वासोट्याच्या उदाहरणात हे सगळे एकत्र येते. किल्ला कोयना अभयारण्यात असल्याने वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २७ आणि २८ नुसार आत जायला परवाना हवाच. तो बामणोलीत वनखात्याकडे घेतात, मग शिवसागर जलाशयातून लाँचने मेट इंदवलीला उतरतात. गडावर मुक्कामाला बंदी आहे आणि पावसाळ्यात प्रवेश बंद असतो. परत यायला रस्ता नाही, तीच लाँच.

समजा, सांगलीहून आलेल्या गटाने सकाळी आठला लाँच धरली. दीड तासाने पायथा, अडीच तासांनी म्हणजे बाराला माथा. एकला उतरायला लागले तर साडेतीनपर्यंत लाँचवर. आता उतारावर एकाचा घोटा मोडला असे धरा. उचलून आणायला दुप्पट वेळ, म्हणजे तो सहाच्या आसपास पायथ्याशी, अंधाराच्या तोंडावर. लीडर एकच असेल तर तो जखमीजवळ अडकतो आणि बाकीचा गट जंगलात वाऱ्यावर. म्हणून पुढे एक आणि शेवटी एक, असे किमान दोन प्रशिक्षित लीडर हवेत. परत फिरण्याची वेळ निघण्याआधीच ठरलेली हवी, माथा गाठला असो वा नसो. लाँचवाल्याशी उशिराबाबतही तेव्हाच बोलून ठेवायचे, कारण वाटेत मोबाइलला रेंज मिळेल यावर विसंबता येत नाही.

वासोट्याच्या बाबूकड्याकडे जाताना आग्या मोहोळाचे भान ठेवावे लागते. धूर आणि अत्तर-स्प्रे यांनी माश्या चवताळतात. हल्ला झाला तर तिथून तडक लांब पळायचे, तोंड झाकायचे, हात झटकत उभे राहायचे नाही. काही वेळातच ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला, चक्कर आली, तर ती तीव्र ॲलर्जी असते. नुसत्या ॲलर्जीच्या गोळीवर ती निभत नाही, ॲड्रेनलिनचे इंजेक्शन आणि रुग्णालय लागते. वासोट्यावरून रुग्णालय गाठायचे तर आधी उतार, मग पाणी, मग रस्ता. त्यामुळे कोणाला डंखाची ॲलर्जी आहे, दमा आहे, कोणती औषधे चालू आहेत, हे नोंदणीच्या अर्जातच विचारून घेणे हे लीडरचे पहिले काम, आणि बहुतेक गटांत नेमके तेच राहून जाते.

पैसे भरण्याआधी आयोजकाकडे नोंदणीपत्र, दोन्ही लीडरांची नावे व प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे, प्रथमोपचाराच्या प्रमाणपत्राची मुदत आणि त्या दिवसाची परत फिरण्याची वेळ मागावी. चांगले आयोजक हे लगेच पाठवतात. ‘आमचा मुलगा इथलाच आहे, त्याला सगळे ठाऊक आहे’ एवढेच उत्तर आले, तर वाटेची माहिती आहे इतकेच कळते. स्थानिक वाटाड्याची गरज खरीच असते. गटासोबत तो हवा, पण प्रशिक्षित लीडरच्या जोडीला.